बालकथा: सरदारचा नंबर पहिला

गोदाकाठची

आमच्या कॉलनीतल्या मुलांना शनिवारी वाचून दाखवायला ही गोष्ट लिहिली आहे. बोलणारी मुलगी चौथीतली, घर मखमलाबादला. भाषा कशी झालीये ते सांगाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कोंबड्याबद्दल काही खोटं लिहिलं गेलं असेल तर ते सांगा. ही मुलं ऐकलेलं दुसऱ्या दिवशी शाळाभर करतात.

तात्यांचं खुराडं आमच्या मागच्या भिंतीला चिकटून आहे. भिंतीच्या अलीकडे माझी गादी आणि पलीकडे सरदार. सरदार म्हणजे तात्यांचा मोठा कोंबडा. त्याचा तुरा एवढा मोठा आहे की तो एका बाजूला पडतो आणि मग सरदारला एकाच डोळ्याने बघावं लागतं. त्याच्यासोबत सात कोंबड्या आहेत आणि बारक्या आहे. बारक्या पण कोंबडाच आहे पण तसं कोणाला वाटत नाही. सरदार दाणे खायला आला की बारक्या आपणहून बाजूला होतो.

सरदार अंधारात आरवतो. सकाळी नाही, अंधारात! आजोबांच्या रेडियमच्या घड्याळात तेव्हा पाच पण वाजलेले नसतात. शाळेच्या बाई म्हणाल्या की सूर्य उगवला की कोंबडा आरवतो. मी म्हटलं, बाई, आमच्याकडे जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, मग हा दोन तास आधी कोणाला उठवतो? बाई म्हणाल्या, पाढे म्हण.

मग मी सगळ्यांना विचारलं. आजी म्हणाली, त्याला पहाटेचे देव दिसतात. बाबा म्हणाले, कोपऱ्यावरच्या खांबावर नवीन पांढरा दिवा लावलाय ना, त्याला वाटतं सकाळ झाली. दादा म्हणाला, तात्या रात्री मळ्यात पाणी द्यायला जातात, तेव्हा बॅटरी त्याच्या तोंडावर मारत असतील. आई म्हणाली, तो का आरवतो ते राहू दे, तू का जागी असतेस ते सांग.

दादाचं मी तात्यांनाच विचारलं. ते म्हणाले, या आठवड्यात शेतीची लाईट दिवसाची आहे, मी रात्री घरातच असतो. म्हणजे दादा नापास.

मग एक दिवस रात्री जेवतानाच लाईट गेली. पूर्ण कॉलनीची. खांबावरचा दिवा पण गेला. आजी म्हणाली, त्यात आज अवस, बाहेर आपलाच हात दिसत नाहीये. मला इतका आनंद झाला की मी झोपलेच नाही. म्हणजे झोपले, पण घड्याळ उशीखाली घेऊन. लाईट सकाळपर्यंत आलीच नाही. आणि सरदार आरवला. घड्याळात पाचला दहा कमी होती. रोजच्यासारखीच. बाबा पण नापास.

आजीला मी काही बोलले नाही, कारण अवसेच्या रात्री देव दिसतात का ते मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तात्या म्हणाले, तुला एवढं बघायचंच आहे तर ये. त्यांनी संध्याकाळी सरदारला एकट्याला डालग्याखाली ठेवलं आणि वरून गोणपाट टाकलं, हवेला खाली फट ठेवून. मी पोटावर झोपून आत बघितलं. आत अंधाराशिवाय काहीच नव्हतं. तरी पहाटे तो आरवलाच, पण आवाज घसा धरल्यासारखा आला. तात्या म्हणाले, मान वर करायला जागा नाही ना, मग बांग अडकती.

मग संक्रांतीनंतर पेठहून तात्यांच्या बहिणीचा फोन आला. त्यांचा कोंबडा मुंगसाने नेला होता. तात्यांनी सरदारला पिशवीत घातलं, डोकं बाहेर ठेवलं आणि एसटीने घेऊन गेले. सरदार खिडकीतून एका डोळ्याने बघत होता.

रात्री आई म्हणाली, चला, आता झोप सगळ्यांना. मला पण वाटलं आता शांत होणार. पण पहाटे भिंतीपलीकडून काहीतरी ओरडलं. कुकूचकू नव्हतं ते. कुकू... क्र्र... आणि मग दाराची बिजागरी वाजल्यासारखं. घड्याळात पाच वाजत आलेले. मी उठून खुर्चीवर चढले आणि भिंतीवरून बघितलं, पण अंधार होता. मग परत तेच. बारक्या!

बारक्या याच्या आधी कधी पहिला आरवला नव्हता. सरदारचं झालं की मागून एकदा हळूच करायचा, ते पण कधीकधी.

तात्या पेठहून आले तेव्हा मी पळत गेले आणि विचारलं, तात्या, बारक्याला एका रात्रीत कोणी शिकवलं? सरदारने जाताना सांगितलं का?

तात्या हसले आणि म्हणाले, "अगं पोरी, त्याला टाइम कव्हाचाच ठाऊक व्हता. नंबर नव्हता त्याचा."

अंड्याचं_कालवण

आवडली. "पाढे म्हण" वाचून आमच्या बाई आठवल्या. तात्या एकदम निफाडच्या बाजूचे वाटतात, मखमलाबादला कधी आले म्हणायचे?

गोदाकाठची

तात्यांचं मूळ गाव ओझरजवळ, पण ते गोष्टीत कुठे घालू? मनातल्या मनात आहे.

शांतताप्रिय

आपला त्रास समजू शकतो. आमच्याकडेही कुत्र्यांचा असाच उपद्रव आहे. निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे. शेजाऱ्यांना आधी लेखी द्या, पोच घ्या, मग महापालिकेत जा. भिंत सामाईक आहे का? असेल तर खुराडं तिला लागून ठेवता येतं का हे आधी बघा.

अंड्याचं_कालवण

शांतताप्रिय, अहो ती गोष्ट आहे. कोंबडासुद्धा काल्पनिक आहे.

सिन्नरकर

गोष्ट छान, पण विज्ञान थोडं गडबडलंय असं माझं मत. कोंबडा आरवतो तो उजेडामुळेच. पक्ष्यांना फक्त डोळ्यांनी उजेड कळत नाही, कवटीतून आत मेंदूपर्यंत पोचलेला उजेडही कळतो. आपल्याला काळोख वाटतो तेव्हा त्यांना तांबडं फुटायच्या आधीची झलक दिसलेली असते. त्यामुळे लाईट गेल्याची रात्र आणि गोणपाटाचा प्रसंग मला पटले नाहीत. पूर्ण अंधारात कोंबडा गप्प बसायला हवा. मुलांना सांगायचंय तर खांबावरचा दिवा हेच कारण ठेवा, ते खरंही आहे आणि सोपंही.

पशुवैद्य_निफाड

सिन्नरकर, कवटीतून उजेड कळतो हे तुमचं बरोबर आहे. पण त्यावरून काढलेलं अनुमान नाही.

आधी वेळ बघा. जानेवारीत नाशिकचा सूर्योदय सातनंतर. आभाळात उजेडाचा अगदी पहिला अंश यायला सूर्योदयाआधी साधारण सव्वा तास लागतो, म्हणजे पावणेसहा-सहा धरा. गोष्टीतला कोंबडा पाचच्या आत आरवतो. त्या वेळी कवटीतून जायला उजेड असतोच कुठे? त्यातून अवस आणि दिवे गेलेले. बाईंनी हे जाणूनबुजून लिहिलंय की सहज जमून आलं, माहीत नाही, पण मुलीने दोन्ही उजेड बाजूला काढले आणि तरी आरव आला. यापेक्षा चांगला पुरावा एखाद्या पोराला मिळायचा नाही.

हाच प्रश्न २०१३ साली जपानमधल्या नागोया विद्यापीठात शिमुरा आणि योशिमुरा यांनी सोडवला. त्यांनी कोंबडे आधी बारा तास उजेड आणि बारा तास मंद उजेड अशा पाळीत ठेवले. दिवा लागायच्या सुमारे दोन तास आधीच कोंबडे आरवू लागायचे. मग त्यांनी दिवस काढूनच टाकला. चोवीस तास तोच मंद उजेड, कमी नाही की जास्त नाही. तरी कोंबडे रोज एकदा "पहाट" धरून आरवत राहिले. फक्त त्यांचा दिवस चोवीस तासांपेक्षा किंचित आखूड निघाला, म्हणून आरवण्याची वेळ रोज थोडी अलीकडे सरकत गेली. बाहेरून कोणी वेळ सांगत असतं तर ती अशी सरकली नसती.

मग उजेडाचं काम काय? उजेड रोज घड्याळाचा काटा जुळवतो, गजर मात्र आतूनच होतो. म्हणून जूनमध्ये, सूर्य सहाच्या आत उगवतो तेव्हा, हाच सरदार चारच्या आसपास सुरू करेल. आपल्याकडे "हा कोंबडा उन्हाळ्यात जास्तच लवकर आरवतो" अशी तक्रार येते, तिचं कारण हेच. तो सूर्याच्या हिशोबाने तिथेच असतो, आपण भिंतीवरच्या घड्याळाच्या हिशोबाने झोपतो.

बारक्याबद्दल रात्री लिहितो, आत्ता एक गाय अडली आहे.

जात्यावरची

मी इगतपुरीकडच्या पाड्यावर वाढले. आमच्याकडे घड्याळ नव्हतंच. पहिला कोंबडा आरवला की आजी कूस बदलायची, दुसऱ्याला उठून जात्याला बसायची. आजी "पहिल्या कोंबड्याला" म्हणाली की सगळ्यांना वेळ कळायची. पावसाळ्यात आभाळ आठ-आठ दिवस उघडायचं नाही, तरी तिचं दळण कधी मागे पडलं नाही. गोष्टीतल्या आजीला एवढं भोळं का केलंय? माझी आजी असती तर तिने नातीला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

एक मात्र खरं, भलत्याच वेळी, म्हणजे संध्याकाळी दिवेलागणीला कोंबडा आरवला तर आमच्याकडे अशुभ मानायचे. दोन चांगले कोंबडे त्यापायी कापलेले मी पाहिलेत. मला तेव्हाही वाईट वाटलं होतं.

तिसरा_मजला

पशुवैद्य, माझं ऐका. मी पाथर्डी फाट्याला राहतो. शेजारी बिल्डिंगचं काम चालू आहे, तिथल्या वॉचमनकडे एक कोंबडा आहे. तो दीडला आरवतो, कधी तीनला, कधी अडीचला. पहाटेचा तर आरवतोच. याचं आतलं घड्याळ बिघडलंय का? बाजारातून दुसरा आणून दिला तर फरक पडेल का? वॉचमन तयार आहे.

सिन्नरकर

बघा, बांधकामावरचा फोकस! म्हणजे उजेडच.

पशुवैद्य_निफाड

तिसरा_मजला, फोकस रात्रभर चालू असतो की मधूनच लागतो? आणि रात्री काँक्रीटच्या गाड्या येतात का?

तिसरा_मजला

फोकस रात्रभर. गाड्या स्लॅबच्या दिवसांत येतात, दिवसा शहरात अडवतात म्हणून रात्री. रिव्हर्सचा तो पीं पीं आवाज आणि हेडलाईट थेट शेडवर.

पशुवैद्य_निफाड

मग घड्याळ ठीक आहे. कोंबडा दोन कारणांनी आरवतो आणि दोन्ही एकाच गळ्यातून येतात, त्यामुळे लोक गोंधळतात. एक आतल्या वेळेने, दुसरं काहीतरी घडलं म्हणून: अंगावर उजेड पडला, दुसरा कोंबडा ओरडला, मांजर फिरलं. ओळखायची खूण सोपी आहे. रोज जवळपास त्याच वेळी येते आणि ऋतूबरोबर हळूहळू सरकते ती घड्याळाची बांग. आज दीड, उद्या तीन, परवा काहीच नाही, ती बाहेरच्या कारणाची. तुम्ही गाड्या आलेल्या रात्री आणि न आलेल्या रात्री वेगळ्या लिहून काढा, उत्तर तुमच्या वहीतच सापडेल. शेडची तोंडाची बाजू गाड्यांकडून फिरवून घ्या आणि तिथे जाड पडदा लावा. मधल्या रात्रीच्या बांगा कमी होतील. पहाटेची होणार नाही, तिला पडदा चालत नाही. दुसरा कोंबडा आणलात तर मात्र दोघे आरवतील.

सिन्नरकरांचं अर्धं श्रेय इथे द्यायलाच हवं. दिव्याने कोंबडा आरवतो हे खरंच आहे. त्याच जपानी प्रयोगात उजेड आणि दुसऱ्या कोंबड्याचा आवाज दोन्ही वापरून पाहिले, कोंबडे आरवले. पण तोच उजेड, तोच आवाज पहाटेच्या सुमारास दिला तर प्रतिसाद जोरदार, इतर वेळी कमी. म्हणजे बाहेरून डिवचलं तरी किती आरवायचं, ते आतूनच ठरतं.

आता बारक्या. गोष्टीतला सगळ्यात खरा भाग तोच आहे. त्याच नागोयाच्या गटाने २०१५ मध्ये हे दाखवलं. कोंबडे एकत्र ठेवले की आधी मारामाऱ्या करून पायरी ठरवतात. त्यानंतर पहाटे पहिली बांग सगळ्यात वरच्याची, मग दुसऱ्याची, मग तिसऱ्याची, असं खालपर्यंत. वरचा एखाद्या दिवशी थोडा लवकर किंवा उशिरा आरवला तर बाकीचेही त्याच्यासाठी थांबतात. आणि वरच्याला काढून नेलं की दुसरा पहिली बांग देतो. म्हणजे वेळ प्रत्येकाला ठाऊक असते, थांबणं हे वरच्यामुळे असतं. तात्यांचं वाक्य मी आमच्या पशुपालकांच्या बैठकीत वापरणार आहे, चालेल ना?

बारीक दुरुस्ती एकच. बिजागरीसारखा आवाज चार-पाच महिन्यांच्या नराचा असतो, गळा फुटायच्या वयाचा. बारक्या त्याच वयाचा आहे असं कुठेतरी येऊ द्या. वर्षाचा असेल तर आवाज पूर्ण येईल.

गोदाकाठची

चालेल म्हणजे काय, तात्यांना सांगते! वय घालते: "बारक्या गणपतीनंतर अंड्यातून निघालेला." जानेवारीपर्यंत बरोबर बसतं.

जात्यावरची, आजीचं तुमचं म्हणणं लागलं मनाला. पण या मुलीची आजी शहरातली आहे, पंचवटीत वाढलेली, तिच्या घरी कोंबडा नव्हताच. देव दिसतात हे ती नातीला गप्प करायला म्हणते. ते नीट आलं नसेल तर बघते.

डालग्याचा भाग मुलं घरी करून बघतील का अशी भीती वाटतेय. ठेवू की काढू?

पशुवैद्य_निफाड

ठेवा, पण फटीचं वाक्य ठळक करा. गोणपाट चारही बाजूंनी जमिनीला टेकवलं तर आत हवा कोंडते, उन्हाळ्यात तासाभरात पक्षी धापा टाकायला लागतो. मान वर न करता आल्याने बांग दबते हे तात्यांनी अगदी बरोबर सांगितलंय. शहरात काही जण कोंबड्याला मुद्दाम रात्री ठेंगण्या पेटीत ठेवतात ते याच कारणाने. आवाज कमी होतो, वेळ बदलत नाही.

अंड्याचं_कालवण

एक विचारू? सरदार पेठहून परत आला तर? मुलं पहिला प्रश्न हाच विचारणार.

जात्यावरची

बारक्या गपचूप मागे जाईल. आमच्याकडे जत्रेहून परत आणलेल्या कोंबड्याने आल्या आल्या दुसऱ्याला एक टोच मारली आणि संपला विषय.

पशुवैद्य_निफाड

तसं होईलच असं नाही, बाई. दोन दिवसांत परत आला तर कदाचित. पण बारक्या वाढीच्या वयात आहे. महिना-दीड महिना सात कोंबड्यांवर एकट्याने राज्य केल्यावर तो बाजूला होईल असं मी पैज लावून सांगणार नाही. पायरी नव्याने लागते आणि ती भांडूनच लागते. रक्त येईपर्यंत भांडलेले बाप-लेक मी टाके घालून वेगळे केलेत. तात्यांनी दोघांना आधी जाळीच्या दोन बाजूंना ठेवावं, एकमेकांना बघू द्यावं.

जात्यावरची

आमचा भांडला नव्हता.

सिन्नरकर

मी काल वडांगळीला मामांकडे होतो. म्हटलं, वाद घालण्यापेक्षा बघावं. मामांच्या वस्तीवर खांब नाही, दिवा नाही. मोबाईल बघितला तर ४ वाजून ५० मिनिटं, आणि बाहेर काळंकुट्ट. आरवला. उजेडाचं मी मागे घेतो, निदान मामांच्या कोंबड्यापुरतं. नंबराचं मात्र तपासता आलं नाही, मामांकडे एकच आहे. दुसरा पाळा म्हटलं तर मामी म्हणाल्या, आधी तू इथे आठवडाभर झोपून दाखव.

शांतताप्रिय

गोष्ट आहे हे आत्ता लक्षात आलं. चांगली आहे. पण भिंत सामाईक असेल तर तो मुद्दा राहतोच.